०.१८ची रेघ ०.३५ची होते तेव्हा

ज्यांनी ड्रॉइंग बोर्डावर रॉटरिंगची पेनं वापरली आहेत, त्यांना ०.१८, ०.३५ आणि ०.७ हे आकडे अजून पाठ असतील. पेनाच्या टोकाची ही जाडी, मिलिमीटरमध्ये. इमारतीच्या आराखड्यात छेदात आलेल्या भिंतीची कड ०.७ने काढायची, छेदापलीकडे नुसती दिसणारी कड ०.३५ने आणि मापरेषा ०.१८ने. प्रत्येक जाडी आधीच्या जाडीच्या साधारण निम्मी. साइटवर उभा असलेला माणूस कागदावर नजर टाकतो आणि एक अक्षरही न वाचता त्याला कळतं, की इथे भिंत आहे, इथे फक्त पायरीची कड आहे आणि ही तिसरी रेघ तर बांधायचीच नाही, ती माप दाखवते आहे. आराखड्यात रेघेची जाडी हाही मजकूरच असतो.

जुन्या इमारतीच्या दुरुस्तीसाठी किंवा स्ट्रक्चरल ऑडिटसाठी मूळ आराखडा शोधायला गेलं, की पुष्कळदा हाती लागतो तो फक्त स्कॅन. ट्रेसिंग कापड कधीच फाटून गेलेलं असतं, अमोनिया प्रिंट उजेडाने फिकी पडलेली असते आणि फाइल लहान राहावी म्हणून कुणीतरी १५० डीपीआयला केलेला स्कॅन तेवढा उरतो. पडद्यावर तो बरा दिसतो. छापायला घेतला की तिरक्या रेघांना पायऱ्या पडतात आणि बारीक आकडे मिटतात. मग ठरतं, की चार पट मोठा करून घेऊ. चित्र मोठं करणं बटण दाबण्याइतकं सोपं आहे. मोठं झाल्यावरही ०.१८ची रेघ ०.१८चीच राहिली पाहिजे आणि आकडा वाचता आला पाहिजे, हे खरं काम आहे. ते कसं होतं आणि कुठे हातातून निसटतं, ते एका आराखड्याच्या आधाराने पाहू.

समजा, आराखडा ए-१ आकाराचा आहे, म्हणजे ५९४ बाय ८४१ मिलिमीटर. १५० डीपीआयला त्याचं चित्र होतं ३,५०८ बाय ४,९६७ पिक्सेलचं. एक पिक्सेल म्हणजे कागदावरचा ०.१६९ मिलिमीटरचा चौकोन. आलेखाच्या कागदासारखं हे जाळं डोळ्यांसमोर आणा. स्कॅनर प्रत्येक चौकोनात किती शाई आहे ते पाहतो आणि तेवढा करडा रंग त्या चौकोनाला देतो. ०.१८ची मापरेषा या जाळ्यावर १.०६ चौकोन रुंद भरते. ती नेमकी एका चौकोनाच्या मधोमध आली तर तो चौकोन पूर्ण काळा होतो आणि दोन्ही शेजाऱ्यांना शाईचा नुसता स्पर्श होतो. ती दोन चौकोनांच्या सीमेवर आली तर दोघेही साधारण निम्मे, म्हणजे ०.५३ इतके भरतात. आता दोन्ही ठिकाणी आडव्या ओळीतली शाई मोजून बेरीज करा. दोन्हीकडे १.०६च येते. रेघ जाळ्यावर कुठेही पडो, तिची जाडी करड्या छटांच्या बेरजेत शाबूत असते. पुढचं सगळं काम या एका गोष्टीवर उभं आहे. करडा रंग पाहून स्कॅन धूसर आला असं वाटतं आणि तो घालवायची घाई होते. वास्तविक पिक्सेलपेक्षा बारीक माहिती साठवायला त्या फाइलमध्ये दुसरी जागाच नाही.

ही माहिती पुसणारी नेहमीची चूक म्हणजे आधी चित्र शुद्ध काळं-पांढरं करणं आणि मग ते मोठं करणं. स्कॅन करणारे बहुतेक कार्यक्रम काळं-पांढरं करताना ० ते २५५ या मोजपट्टीवर १२८ ही सीमा धरतात. त्याहून गडद ते काळं, फिकं ते पांढरं. पण या मोजपट्टीवरचा १२८ हा निम्मा उजेड नव्हे. पडद्यासाठी ही पट्टी वाकवलेली असते आणि निम्मा उजेड तिच्यावर १८८ला येतो. १२८ला फक्त एक पंचमांशाच्या आसपास उजेड असतो. म्हणजे चौकोन काळा ठरायला तो जवळजवळ चार पंचमांश शाईने भरलेला हवा. आपली मापरेषा जिथे दोन चौकोनांच्या मध्ये पडली आहे तिथे दोन्ही चौकोनांचा आकडा १८३च्या आसपास येतो. दोन्ही पांढरे ठरतात आणि रेघ तिथे नाहीशी होते. कागद स्कॅनरमध्ये कधीच अगदी सरळ बसत नाही, त्यामुळे लांब रेघ थोडा वेळ एका चौकोनाच्या मधोमध चालते, मग सीमेवर सरकते, पुन्हा दुसऱ्याच्या मधोमध येते. परिणामी अखंड काढलेली रेघ तुटक होते. इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये तुटक रेघ म्हणजे झाकलेली, मागच्या बाजूची कड. मूळ आराखड्यात नसलेली गोष्ट इथे तयार झाली आणि ती पाहून कुणाला शंकाही येणार नाही.

रेघा तुटताहेत हे लक्षात आलं, की माणूस साहजिकच सीमा सैल करतो आणि १२८च्या जागी २१० ठेवतो. आता सीमेवरचे दोन्ही चौकोन काळे होतात, रेघ जुळते, समाधान वाटतं. पण ती आता दोन चौकोन रुंद आहे, म्हणजे ०.३४ मिलिमीटर. सैल सीमेमुळे प्रत्येक रेघेच्या दोन्ही कडांना मिळून एक चौकोन वाढला असं धरलं, तर ०.१८ची रेघ ०.३५ची होते, ०.३५ची ०.५२ची आणि ०.७ची ०.८७ची. वाढ सगळ्यांना सारखीच मिळते आणि त्यातच घोटाळा आहे. जाड रेघेला ती जाणवतही नाही, बारीक रेघ मात्र दुप्पट होऊन वरच्या वर्गात जाऊन बसते. मापरेषा आणि पायरीची कड यांच्यातला फरक डोळ्यांना दिसेनासा होतो. सगळा आराखडा थोडा ठसठशीत झाला आहे असं वाटतं आणि तो वाचायला अवघड का जातोय ते सांगता येत नाही. हे ओळखायचं असेल तर ज्या रेघेची जाडी खात्रीने माहीत आहे अशी एक बारीक आणि एक जाड रेघ शोधावी, चौकटीची रेघ त्यासाठी बरी, आणि दोन्हींच्या जाडीचं गुणोत्तर मोजावं. ०.१८ आणि ०.७चं गुणोत्तर चारच्या जवळ असतं. मोठ्या केलेल्या चित्रात ते अडीच भरलं तर रेघा सुजल्या आहेत.

यावरचा उपाय क्रम बदलण्यात आहे. स्कॅन करडाच ठेवायचा. आधी कागदाची पार्श्वभूमी सपाट करायची, कारण जुना कागद घड्यांवर काळवंडलेला आणि मध्ये पिवळा असतो आणि तोच डाग नंतर रेघेशी गल्लत करतो. त्यासाठी चित्राची एक अतिशय धूसर प्रत करतात, इतकी की तिच्यात रेघ उरत नाही, नुसते डाग उरतात, आणि मूळ चित्राला तिने भागतात. मग पट्टीचा वाकवलेला भाग सरळ करून, म्हणजे आकडे खऱ्या उजेडाच्या प्रमाणात आणून, चित्र चार पट करायचं. सगळ्यात शेवटी, मोठ्या झालेल्या चित्रावर, निम्म्याला सीमा धरायची. वाढवण्याची पद्धत बायक्युबिक असली की दोन निम्म्या चौकोनांच्या मधल्या जागेत नवीन पिक्सेल येतात आणि ते शेजाऱ्यांपेक्षा किंचित गडद होतात, ०.५३च्या जागी साधारण ०.६. तिथे सीमा धरली की रेघ मूळच्या एका चौकोनाएवढीच रुंद निघते. चौकोनाच्या मधोमध पडलेला तुकडाही तेवढाच रुंद निघतो. दोन्ही तुकडे सारखे होतात, रेघ अखंड राहते आणि तिची जाडी ०.१७ ते ०.१८च्या घरात येते. ज्या स्कॅनमधून आधी तुटकी रेघ मिळाली होती, त्याच स्कॅनमधून ही मिळाली.

वाढवण्याच्या पद्धती अनेक आहेत आणि प्रत्येकीची खोड वेगळी. नुसते चौकोन चार पट करणारी पद्धत पायऱ्या तशाच ठेवते. लँक्झॉस नावाची पद्धत कडा छान कोरते, पण गडद रेघेच्या दोन्ही बाजूंना आधी पांढरट आणि मग फिकट करडी झालर सोडते. एकट्या रेघेला त्याने काही होत नाही. जवळजवळच्या रेघांमध्ये मात्र दोन झालरी एकमेकींत मिसळून एक खोटी फिकट रेघ उभी राहते. दाट रेखांकनाच्या कागदासाठी म्हणून मी मवाळ बायक्युबिकच पसंत करतो. कडा थोड्या मऊ निघतात, पण शेवटी सीमा धरायचीच असते, तेव्हा तो मऊपणा उरत नाही.

चार पट केलेल्या फाइलवर ६०० डीपीआय ही नोंद करायला विसरू नये, नाहीतर प्रिंटर तो कागद चौपट मोठा समजतो. चित्र आता १४,०३२ बाय १९,८६८ पिक्सेलचं झालं आहे, म्हणजे करड्या रूपात जवळजवळ २८० एमबी. कागद खरोखरच मोठ्या आकारात छापायचा असेल तर रेघाही त्याच प्रमाणात जाड होतात. तिथे आणखी एक सापळा आहे. कोपऱ्यात लिहिलेलं '१:१००' त्या क्षणी खोटं ठरतं. काढलेली मोजपट्टी मात्र कागदाबरोबर वाढते आणि खरीच राहते.

या पद्धतीलाही तळ आहे. ०.१३च्या पेनाची रेघ १५० डीपीआयला पाऊण चौकोनच भरते. ती सीमेवर पडली की दोन्हीकडे ०.३८ येतात, वाढवल्यावर मध्ये जेमतेम ०.४३ होतं आणि निम्म्याची सीमा ती ओलांडत नाही. म्हणजे सर्वांत बारीक रेघ निदान एक पिक्सेल रुंद असेल तोवरच हा साधा मार्ग चालतो. त्याखाली गेलात तर रेघेचा मध्य शोधून ती नव्याने रेषा म्हणून आखावी लागते. तिची जाडी ठरवायला तीच बेरीज पुन्हा उपयोगी येते. रेघेला काटकोनात शाई मोजायची, तिला ०.१६९ने गुणायचं आणि उत्तराच्या जवळच्या पेनाची जाडी द्यायची. पेनांच्या जाड्या ०.१३, ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५ अशा चढतात, प्रत्येक पायरी आधीच्या साधारण १.४ पट, त्यामुळे मोजणी थोडी चुकली तरी पेन चुकत नाही. ही जाड्यांची मालिका ठरवणाऱ्यांचे आपण आज उपकार मानावेत. त्यांनी ती आखली तेव्हा संगणकाचा विचार नव्हता, पण प्रती काढताना रेघा ओळखू याव्यात ही काळजी होती आणि तीच आज कामी येते आहे.

अक्षरांचा प्रश्न रेघांपेक्षा कठीण आहे, कारण रेघ चुकली तर ती शेजारच्या रेघांशी ताडून पाहता येते. आकडा एकटा असतो. आराखड्यावरचे सर्वांत लहान आकडे बहुधा अडीच मिलिमीटर उंच असतात. १५० डीपीआयला ते १५ पिक्सेल उंच भरतात आणि त्यांची रेघ दीड पिक्सेल जाड. तीनच्या डाव्या बाजूचं उघडं तोंड म्हणजे मोजके दोन-तीन पिक्सेल. रेघा एका पिक्सेलने सुजल्या की ते तोंड मिटतं आणि इंग्रजी लिपीतला तीन आठ होतो, पाच सहा होतो. देवनागरीत लिहिलेल्या कागदावर आधी अनुस्वार जातो, कारण डाग साफ करणाऱ्या फिल्टरला तो धुळीचा कण वाटतो. म्हणून अक्षरांच्या भागावर डाग काढणारा फिल्टर फिरवूच नये. डाग हाताने पुसावेत.

आकड्यांची खात्री करायची जागा आराखड्यातच असते. एका भिंतीवरची सुटी मापं आणि तिचं एकूण माप वेगवेगळं लिहिलेलं असतं. खिडकी ९००, मधली भिंत १,३५०, दार १,२००, पुन्हा भिंत १,५५० आणि एकूण ५,०००. दार १,२००चं की १,७००चं असा प्रश्न पडला तर बेरीज करावी. १,२०० धरलं तरच ५,००० होतात. बेरीज जुळत नसेल आणि आकडा डोळ्यांनीही लागत नसेल, तर तिथे नीटनेटका अंदाज लिहिण्यापेक्षा मूळ स्कॅनमधला धूसर तुकडा तसाच ठेवावा. धूसर आकडा पाहून माणूस साइटवर जाऊन माप घेतो. स्वच्छ चुकीचा आकडा पाहून तो कामाला लागतो.

ही भीती काल्पनिक नाही. २०१३ साली जर्मनीतले संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड क्रीझेल यांनी एका घराच्या आराखड्याचा स्कॅन तपासला. झेरॉक्स कंपनीच्या वर्कसेंटर यंत्रावर काढलेल्या त्या स्कॅनमध्ये तीन वेगवेगळ्या खोल्यांचं क्षेत्रफळ १४.१३ चौरस मीटर असंच आलं होतं. मूळ कागदावर एक खोली १४.१३ची, दुसरी २१.११ची आणि तिसरी १७.४२ची होती. आकडे पुसट नव्हते, अगदी स्पष्ट आणि सुबक होते. फाइल लहान करण्यासाठी ते यंत्र जेबिग-२ ही पद्धत वापरत होतं. तिच्यात एकसारखे दिसणारे छोटे तुकडे एकदाच साठवतात आणि बाकीच्या ठिकाणी तोच तुकडा चिकटवतात. बारीक आकडे यंत्राला एकसारखे वाटले. चूक सापडली ती आराखड्यात उघड मोठी दिसणारी खोली आकड्यात लहान असल्यामुळे. कंपनीने नंतर यंत्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती दिली. पण त्या काळात केलेल्या स्कॅनमध्ये चिकटवलेले आकडे पुन्हा मूळचे कसे होणार? जुना स्कॅन हातात घेताना ही गोष्ट आठवावी. जेपेग फाइलची खोड वेगळी आहे. ती अक्षरांभोवती करडी भुकटी सोडते आणि रंग बहुधा निम्म्या बारकाईनेच साठवते, पण एका आकड्याच्या जागी दुसरा आणून ठेवत नाही.

चित्रं मोठी करणारी न्यूरल नेटवर्कं आल्यापासून हाच धोका नव्या वाटेने परत आला आहे. २०१५मध्ये जपानी ॲनिमेशनच्या चित्रांसाठी वायफू-टू-एक्स आलं, २०१८मध्ये ईएसआरगॅन. अशा नेटवर्कला लाखो चित्रांच्या लहान आणि मोठ्या प्रती दाखवून शिकवलेलं असतं, की लहान तुकडा असा दिसला तर मोठा बहुधा कसा असेल. त्या 'बहुधा'मध्ये फोटोंमधली पानं, केस आणि विटा भरपूर असतात. लांब-आखूड-लांब अशी मध्यरेषा मात्र क्वचितच असते. म्हणून नेटवर्क मध्यरेषेतल्या फटी भरून ती अखंड करतं आणि अर्धवट मिटलेल्या आकड्याला कुठला तरी देखणा आकार देतं. मापरेषा गुळगुळीत होते, बाणाची टोकं छान येतात आणि फसगत तिथेच होते. एक चाचणी जरूर करावी. मोठं केलेलं चित्र पुन्हा मूळ आकाराला लहान करावं आणि मूळ स्कॅनमधून वजा करावं. उरलेल्या चित्रात रेघांचे किंवा अक्षरांचे आकार दिसले तर नेटवर्कने काहीतरी बदललं आहे हे नक्की. काही दिसलं नाही म्हणून मात्र सगळं बरोबर ठरत नाही, कारण तीन आणि आठ पुरेसे लहान केले तर दोघेही सारखेच दिसतात. रेघांच्या कडा साफ करायला असं नेटवर्क चालेल, आकड्यांवर ते वापरू नये, असं माझं मत आहे.

डोंगराळ भागाचा टोपोशीट हाती घेतला, की पद्धतीचा तळ सर्वांत स्पष्ट दिसतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने एक इंच म्हणजे एक मैल या प्रमाणाचे नकाशे, १:६३,३६०चे, पुष्कळांनी पाहिले असतील. त्यांवर तपकिरी समोच्च रेषा ५० फुटांच्या अंतराने असतात आणि दर पाचवी रेष जाड असते. सह्याद्रीचा उतार ३० अंशांचा असेल तर अशा दोन रेषा कागदावर ०.४२ मिलिमीटर अंतराने येतात. १५० डीपीआयला ते झाले अडीच पिक्सेल. कशीबशी एक रेघ आणि एक फट त्यात मावते. उतार ४५ अंशांचा झाला की अंतर ०.२४ मिलिमीटर होतं, म्हणजे १.४ पिक्सेल. रेघ आणि फट वेगळी दिसायला किमान दोन पिक्सेल लागतात, हा गणिताचा नियम आहे. घाटाच्या कड्यावर म्हणून स्कॅनमध्ये रेषा नसतातच, नुसती तपकिरी छटा असते. कधी कधी खऱ्या रेषांशी काहीही संबंध नसलेले रुंद पट्टे उमटतात. ते पट्टे मोठे करून धारदार केले तर नकाशात कड्याचा आकारच बदलतो. ३०० डीपीआयला तेच अंतर २.८ पिक्सेल भरतं आणि ६००ला ५.७, म्हणून समोच्च रेषांचा नकाशा ६००ला आणि रंगीत टिफमध्ये स्कॅन करावा. जेपेगमध्ये तपकिरी आणि निळा एकमेकांत उतरतात, आणि ओढा कुठला व रेष कुठली हे नंतर रंगावरून वेगळं काढता येत नाही.

मोठ्या केलेल्या टोपोशीटची तपासणी मात्र सोपी आहे आणि तिला भिंगाशिवाय काही लागत नाही. दोन जाड समोच्च रेषांमध्ये चार बारीक रेषा असल्याच पाहिजेत. उतारावरच्या वेगवेगळ्या ठिकाणी त्या मोजाव्यात. कुठे तीन भरल्या तर दोन रेषा चिकटल्या, पाच भरल्या तर एक झालर रेष म्हणून उभी राहिली आहे. असा पट्टा सापडला की तिथे मूळ कागदच पुन्हा काढून स्कॅन करावा. कागद उरलेला नसेल तर त्या भागापुरती करडी छटा तशीच ठेवावी आणि नकाशाच्या कोपऱ्यात लिहावं, की या भागातल्या रेषा स्कॅनमध्ये वेगळ्या आलेल्या नाहीत. आराखड्यातही जो आकडा बेरजेवरून लावला, त्याच्याभोवती चौकट करून तो कुणी, केव्हा आणि कशावरून लावला हे समासात टिपावं. आणि मूळ १५० डीपीआयची करडी फाइल, ती कितीही क्षुल्लक वाटली तरी, मोठ्या फाइलच्या शेजारीच जपून ठेवावी. उद्या कुणाला दाराचं माप १,२०० पटलं नाही, तर त्याला परत तिथेच जाऊन पाहावं लागणार आहे.